माफी मागायची भाषा

सविताबाईंनी जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या. नाशिकला पंचवटीतल्या एका छापखान्यात वीस वर्षं प्रूफं वाचली. तो बंद पडल्यावर द्वारका चौकाजवळच्या माझ्या डीटीपीच्या दुकानात येऊन बसल्या. लग्नपत्रिका असो की क्लासची जाहिरात, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. गिऱ्हाईक बिचारं घाईत असायचं, पण बाईंना त्याचं काय! कधी कधी मला फार राग यायचा.

घरातही तेच. मुलगा हर्षल पुण्याला होस्टेलवर असताना त्यानं आईला पहिलं पत्र लिहिलं. बाईंनी ते लाल खुणा करून परत पाठवलं. वाईट हेतू नव्हता, हाताची सवय होती. त्यानंतर त्याचं पत्र आलं नाही. पुढे तो बंगलोरला नोकरीला लागला. फोन करायचा, पण 'जेवलीस का' याच्यापुढे बोलणं जायचं नाही.

दोन हजार नऊच्या पावसाळ्यात त्याची मेल आली. बाबांच्या वर्षश्राद्धाला फेसबुकवर टाकायला त्यानं काही लिहिलं होतं. वर एकच ओळ होती: 'आई, जरा बघ. मराठी-इंग्लिशची खिचडी झालीये.' बाईंनी मला मेल उघडायला सांगितली.

'आज बाबा expire होऊन one year complete झालं. He was मशीनमन, पण त्यांची thinking खूप high होती. Night करून पण ते मला school ला drop करायचे. Sorry Baba, मी late आलो.'

बाईंनी चष्मा पुसला. "दत्तूभाऊ, ह्या वेळी चुकले तर पोरगं पुन्हा काही पाठवणार नाही," त्या म्हणाल्या. दिवसभराच्या कामानं मीही थकलो होतो, त्याही थकल्या होत्या.

मग कामाला लागल्या. पहिल्या वाक्यातलं सगळं इंग्रजी काढलं: 'आज बाबांना जाऊन एक वर्ष झालं.' दुसऱ्यापाशी थबकल्या. वाक्य इंग्रजीत सुरू होऊन मराठीत कोसळत होतं. "एका वाक्याला एकच कणा हवा," त्या पुटपुटल्या. 'ते मशीनमन होते, पण विचार मोठा होता.'

तिसऱ्यात 'शाळेत सोडायचे' केलं. मी म्हटलं, "मग नाईटची रात्रपाळी करा की."

"नाही हो. हे रोज 'आज नाईट आहे' म्हणूनच डबा मागायचे. तो ह्यांचाच शब्द आहे. राहू दे, फक्त नागरीत." आपल्या बोलण्यात मुरलेलं इंग्रजी ठेवायचं आणि नुसतं मिरवायला आलेलं काढायचं, एवढाच त्यांचा हिशेब होता.

शेवटच्या ओळीनं मात्र त्यांना दमवलं. हर्षल अंत्यविधीला पोहोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. बाईंनी लिहिलं: 'बाबा, मला माफ करा, मी उशिरा आलो.' मी वाचलं आणि न राहवून बोललो, "बाई, हे नाटकातलं वाटतंय. आपल्याकडे कोणता मुलगा बापाला असं म्हणतो?"

त्या चिडल्या. मग ती ओळ पुन्हा वाचली. "खरंय," म्हणाल्या. "मराठीत त्याची जीभ रेटणार नाही. म्हणून तर तो तिथे इंग्रजीत गेला."

त्यांनी ती ओळ खोडली, वर एक मोकळी ओळ सोडली आणि लिहिलं:

'I am sorry, Baba.

मला उशीर झाला.'

बाकीचं इंग्रजी गेल्यामुळे ते एक वाक्य एकटं उभं राहिलं. आता कुणी त्याला खिचडी म्हणालं नसतं. बाईंनी खाली त्याचा मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवला आणि लिहिलं, 'तुला आवडेल ते ठेव.' मेल गेली. मी दोन चहा सांगितले.

चहा संपायच्या आत दुकानाचा फोन वाजला. हर्षल होता. बाईंनी रिसीव्हर घेतला. त्याचा आवाज माझ्यापर्यंत येत होता.

"आई, हेच टाकतो. मला हेच म्हणायचं होतं."

"बरं."

"वाचताना रडलीस का गं?"

बाईंनी खोटं बोलायला हरकत नव्हती. पण ते त्यांना कधी जमलंच नाही.

"नाही रे," त्या म्हणाल्या. "मी तपासत होते."

तो हळूच म्हणाला, "मग आता नुसतं वाच. मी आहे फोनवर."

बाईंनी स्क्रीनकडे तोंड वळवलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. 'आज बाबांना जाऊन...' इथवर आल्या, आणि पुढचा शब्द त्यांना वाचता येईना.