गजरा गोलात मावला पाहिजे

वहिनीनं लग्नाच्या केशरचनांची कामं घ्यायची ठरवली, तेव्हा पहिला बळी मीच. अर्धी सकाळ तिनं माझं डोकं ओढलं, पिना टोचल्या आणि टाळूवर उंच अंबाडा उभा केला. मी कुरकुरत होते, पण आरशासमोर मात्र मान वळवून वळवून बघत बसले. दादानं फोनवर फोटो काढला, मी डोक्यावरून आंघोळ करून मोकळी झाले आणि अंबाड्याचा विषय माझ्यापुरता संपला.

संध्याकाळी वहिनी तो फोटो आपल्या कामाच्या व्हॉट्सअ‍ॅपला लावायला बसली आणि घरात आरडाओरडा सुरू झाला. लग्नसराई तोंडावर आलेली. नवीन नंबर तिनं ओळखीपाळखीत सगळीकडे पाठवला होता. आणि प्रोफाइल फोटोच्या त्या गोलात दिसत होतं काय, तर माझं नाक, डोळे आणि कपाळ. अंबाडा गायब!

"आवो, लोकं काय वन्संचं नाक बघून मला बोलवणार हायती का?" ती दादावर कावली. मैंदर्गीची माहेरवाशीण ती, रागावली की गावची बोली जोरात येते.

दादानं फोटो खाली ओढला. अंबाडा आला, पण चेहरा तळाला गेला आणि हनुवटी कापली गेली. लहान करायला गेला तर फोटो होईना, कारण रुंदीला तो आधीच गोलाच्या कडांना टेकला होता. त्यानं इतक्या जवळून काढला होता की डोक्यावर मोकळी भिंतच नव्हती. वहिनीनं हातातली बांगडी काढून स्क्रीनवर ठेवली आणि फिरवून बघितली. गोल वर निमुळता होत जातो, त्यामुळे अंबाडा आत घेतला तरी त्याच्या दोन्ही बाजू बाहेरच राहत होत्या.

"परत काढू की लांबनं," दादा म्हणाला आणि दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"माझं डोकं आता मिळणार नाही," मी सांगून टाकलं. टाळू अजून हुळहुळत होती.

तेवढ्यात आई म्हणाली, "माझे केस चालतील का गं?"

आईचे केस कमरेपर्यंत आहेत, अर्धे पांढरे, पण दाट. बाबा गेल्यापासून ती त्यांची नुसती घट्ट गाठ मारून ठेवायची. फूल तर कधीच नाही. कुणी मना केलं नव्हतं. आम्ही आग्रह केला की "आता मला काय करायचंय" म्हणून उठून जायची. त्यामुळे तिनं विचार बदलायच्या आत वहिनीनं सकाळची वेळ ठरवून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीनं अंबाडा घातला. माझ्या वेळी एवढ्या हळू हातानं काही केलं नव्हतं, हे मी तिला बोलून दाखवलं. शेवटी तिनं मोगऱ्याचा गजरा हातात घेतला आणि सासूला विचारलं, "आत्या, लावू?"

आईनं मान खाली घातली. मग म्हणाली, "लाव. धंद्याचा फोटो हाय, अर्धवट कशाला?"

या वेळी दादा चांगला मागं सरकला. पाठीमागं पांढरी भिंत, डोक्यावर मोकळी जागा, खाली खांदे आणि पदर. आता फोटोत कापायला वाव होता. त्यानं आईचं नाक गोलाच्या मध्यावर आणलं आणि गजऱ्याच्या वर बोटभर भिंत राहील इतपत फोटो लहान केला. फार लहान केला तर चेहरा वाटाण्याएवढा होत होता, म्हणून वहिनी मागून "जरा मोठा... आता पुरे, पुरे!" करत होती. शेवटी बसला. चेहरा मध्ये, हनुवटी शाबूत, अंबाडा पूर्ण आणि भोवती मोगऱ्याचं कडं. वहिनीनं टाळ्या पिटल्या. मला तर आईकडे बघूनच हसू आवरेना, इतकी ती छान दिसत होती. फोटो काढून झाले तरी तिनं अंबाडा सोडला नाही, भाजी आणायला तशीच गेली.

दोन दिवसांनी वहिनीला पहिला फोन आला. कुणा नवरीचा नव्हे, नवरदेवाच्या आईचा. "फोटोतल्या मावशींसारखं मला घालून द्याल का? पण या वयात, आणि मी अशी एकटी... बरं दिसेल ना?"

वहिनीनं फोन स्पीकरवर ठेवला होता. ती तोंड उघडायच्या आत आईच मेथी निवडता निवडता बोलली, "दिसतंय की! मी फोटोतलीच बोलते. या तुम्ही."

पलीकडची बाई खळखळून हसली आणि तारीख सांगून मोकळी झाली.

आईनं हात पदराला पुसले आणि आपला फोन माझ्यापुढे धरला. "ह्याच्यावर पण तोच लाव. मोडनिंबच्या जावांना दिसू दे. आणि नीट बघून लाव, गजरा कापायचा न्हाय."