अण्णांची फक्की

आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कधी औषध पाण्यात कालवून घेतल्याचं मला आठवत नाही. ओवा असो, मेथ्या असोत, मान मागे टाकायची, फक्की मारायची आणि वरून तांब्याभर पाणी. त्यांच्या बद्धकोष्ठाची कथा ऐकून ऐकून माझे कान किटले होते. म्हणून गेल्या उन्हाळ्यात मीच चियाच्या बियांचं पाकीट आणलं, ओट्यावर ठेवलं आणि म्हटलं, "रोज एक चमचा घ्या, पोट साफ होईल." एवढंच. सरबतात सब्जा घालायचा तर आमच्या घरी आधी भिजवतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण चिया औषध म्हणून घरात आला होता, आणि औषधाची अण्णा फक्की मारतात हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते, हेही सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी चटणीसाठी शेंगदाणे भाजत होते. अण्णांनी पोह्याचा मोठा चमचा भरून बिया तोंडात टाकल्या, वर दोन घोट पाणी प्यायले आणि पेपर घेऊन बसले. थोड्या वेळानं ते छातीवर हात ठेवून दारात उभे.

"अडकलंय. हितं," ते म्हणाले.

मी घाईघाईनं पाणी दिलं. ते गेलं नाही, तसंच तोंडातून परत आलं. आई म्हणाली, "केळं द्या. घासाला घास ढकलतो." केळ्याचा तुकडाही परत आला. मग थुंकीसुद्धा उतरेना. अण्णा पातेलं हातात धरून थुंकत बसले, आणि त्यांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा भीती पाहिली. शेंगदाणे करपत होते, पण गॅस बंद करायचं भान कुणाला होतं?

रिक्षात मी त्यांचा हात सोडला नाही. ते बोलतायत म्हणजे श्वास चालू आहे, एवढं एकच मला कळत होतं.

"अण्णा, बोला की काहीतरी."

"काय बोलू?"

सात रस्त्याच्या चौकापर्यंत मी हेच विचारत होते आणि ते हेच सांगत होते. सिग्नलला एकदा ते गप्प राहिले तर मी त्यांना खांदे धरून हलवलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, बिया कोरड्या घेतल्या?" अण्णांनी मान हलवली. मग त्या माझ्याकडे वळल्या. "आता पाणी अजिबात देऊ नका. या बिया पाणी शोषून कितीतरी पट फुगतात आणि एकमेकींना चिकटतात. अन्ननलिकेत बुळबुळीत गोळा झालाय. श्वासनलिका वेगळी, म्हणून काका बोलतायत."

"पण लोक तर सर्रास खातात की," मी म्हटलं.

"खातात. बिया झटकन खाली उतरल्या तर पोटात फुगतात, तिथं जागा असते. वाटेत थांबल्या तर अशी गत होते. आधीच भिजवल्या की त्यांचं फुगणं वाटीतच उरकतं." मग त्यांनी अण्णांना विचारलं, "याआधी कधी घास अडकायचा का?"

"नाही," मी सांगितलं.

"व्हय," अण्णा म्हणाले. "चार वर्सं झाली."

चार वर्षं. कडक भाकरी ते आमटीत कुस्करून, भिजवून खायचे आणि मी हसायचे, "काय अण्णा, दात गहाण टाकले का?" त्यांचे दात शाबूत होते. त्यांच्या थोरल्या भावाला गळ्याचा कर्करोग झाला होता, आपल्यालाही तेच असेल या धास्तीनं ते कुणाला बोलले नव्हते. मला माझीच चीड आली.

दुर्बिणीची नळी घालून डॉक्टरीणबाईंनी तो गोळा हलक्या हातानं पोटात ढकलला. खाली अन्ननलिका अरुंद झालेली सापडली. तिथला कणभर तुकडा त्यांनी तपासायला घेतला. रिपोर्ट यायला आठ दिवस लागणार होते.

घरी आल्यावर मी एका वाटीत चमचाभर बिया आणि थोडं पाणी घातलं. अर्ध्या तासानं वाटी उलटी केली. गोळा पडेना, वाटीलाच धरून राहिला. अण्णा बघत होते.

"हे माझ्या नरड्यात हुतं?"

"हो."

"मग सांगायचं नाही का, भिजवून घ्या म्हणून?"

"तुम्ही तरी सांगितलंत का, घास अडकतो म्हणून?"

ते आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. रिपोर्ट आला, कर्करोग नव्हता. तेव्हा मी पायरीवर बसून मोठ्यानं रडले. पुढे डॉक्टरीणबाईंनी ती अरुंद अन्ननलिका रुंदही केली.

आता चिया रात्रीच भिजत घालते. सकाळी अण्णा पेला तोंडाला लावतात तेव्हा मी हातातलं काम टाकून दारात येते. घोट खाली गेला की नाही, हे बाहेरून दिसत नाही.

"अण्णा, बोला की काहीतरी."

ते पेला पूर्ण रिकामा करतात, तोंड पुसतात आणि मगच म्हणतात, "काय बोलू?"