उजव्या नाकपुडीतलं काळं

माझे भाऊजी, म्हणजे मोठ्या बहिणीचे यजमान, मला कधीच आवडले नाहीत. भद्रावतीजवळच्या कोळसा खाणीत त्यांनी सारी नोकरी डंपर चालवण्यात घालवली. निवृत्त झाल्यापासून ते कॉलनीतल्या लोकांना आरोग्यावर सल्ले देतात. त्यांना बारा वर्षांपासून शुगर आहे, हीच त्यांची डॉक्टरकी. उंटावरचा शहाणा निदान उंटावर तरी बसलेला असतो, हे प्लास्टिकच्या खुर्चीत बसून सांगतात.

इन्सुलिनचं नाव काढलं की म्हणायचे, "सुई लागली म्हणजे माणूस संपला." त्याऐवजी शुगरवरचा उतारा म्हणून गडचिरोलीच्या बाजूने आणलेला बिजाच्या लाकडाचा पेला. त्यात रात्रभर ठेवलेलं पाणी सकाळी तांबूस होतं आणि उन्हात धरलं की निळी झाक मारतं. ती झाक ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. तपासणीच्या आधी चार दिवस भात बंद करायचे, उपाशीपोटी रक्त द्यायचे आणि कागद घेऊन कॉलनीभर मिरवायचे. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी मी दर वेळी सुचवायची. दर वेळी ते हसायचे. पालथ्या घड्यावर पाणी.

मी चंद्रपूरला एका दवाखान्यात कान-नाक-घशाच्या विभागात नर्स आहे. शुगरच्या पेशंटला पायाच्या जखमेपासून डोळ्यापर्यंत सगळं बजावून सांगणं हे माझं रोजचं काम. समोरचे माना हलवतात आणि बाहेर पडल्याबरोबर टपरीवर दोन चमचे साखरेचा चहा घेतात. इतकी वर्षं हे पाहून माझ्या मनात अशा माणसांबद्दल दया उरली नव्हती. तुच्छता होती, आणि ती मला शोभते असंही वाटायचं.

त्या हिवाळ्यात भाऊजींचा उजवा गाल दुखायला लागला. ते कॉलनीतल्या मेडिकलवाल्याकडे गेले. दुकानदाराने तोंडात डोकावूनही न पाहता दातदुखीच्या गोळ्या दिल्या, वर सूज उतरायला म्हणून स्टिरॉइडच्या बारीक गोळ्यांची पुडी. स्टिरॉइडने शुगर भडकते, तरी शुगर आहे का, हे एका शब्दाने विचारलं नाही. भाऊजींनीही सांगितलं नाही. दोन शहाणे एकमेकांना भेटले, दुसरं काय.

चार दिवसांनी दुपारी त्यांचा फोन आला. मी डबा खात होते.

"नर्सबाई, गाल दुखून राह्यला. अन् नाकातून काळं येऊन राह्यलं."

आता आमच्याकडे नाकातून काळं येणं म्हणजे काय? खाणीजवळ घर असलं की वाळत घातलेली चादर काळी होते, खिडकीची फळी काळी होते आणि नाक शिंकरलं की रुमाल काळा होतो. पाहुणा मुक्कामाला आला की दुसऱ्या दिवशी सकाळी रुमाल पाहून घाबरतो आणि घरचे सगळे हसतात. ही आमची जुनी गंमत. मीही हसले.

"भाऊजी, जिंदगी खाणीत गेली तुमची. काळं नाई येणार तं काय पांढरं येणार? वाफ घ्या."

"तेच म्हनलं मी," ते म्हणाले आणि फोन ठेवला. मी डबा संपवला.

दोन दिवसांनी बहिणीचा फोन आला. तिचा आवाज बसला होता. "ह्यायची पापणी उचलत नाई. एकाचे दोन दिसून राह्यले म्हणतात. तू ये."

मी मिळाली ती एस.टी. पकडली. ते पलंगावर बसले होते. उजवा डोळा सुजून पुढे आलेला, पापणी मिटलेली. गालाला हात लावला, तर म्हणाले, बधिर आहे. मी उशाजवळचा रुमाल उचलला.

"काळं कोणत्या बाजूने येते?"

"उजवीकडूनच. डावी साफ हाये."

कोळशाची धूळ दोन्ही नाकपुड्यांतून येते. ती एक नाकपुडी निवडत नाही. हा एक प्रश्न मी फोनवर विचारायचा होता. मोबाइलचा टॉर्च लावून त्यांना तोंड उघडायला लावलं. टाळूवर उजव्या बाजूला काळा डाग होता. घरातल्या मशीनवर शुगर तपासली, तर आकडाच येईना, नुसतं इंग्रजीत 'हाय' आलं, म्हणजे मशीनच्या मापाच्याही वर.

"उद्या जाऊ. आज पाव्हणे येऊन राह्यले," ते म्हणाले.

"पाव्हणे जेवून जातील. तुम्ही गाडीत बसा," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं ऐकलं.

चंद्रपूरला आमच्या विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी नाकात दुर्बीण घातली. आतलं मांस काळं पडलं होतं आणि खरवडलं तरी रक्त आलं नाही. तो तुकडा काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर रुंद, मधे पडदे नसलेले, काटकोनात फुटलेले धागे दिसले. म्युकरमायकोसिस. ही बुरशी मातीत, पाल्यापाचोळ्यात, हवेत सगळीकडे असते. धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही, पण शुगर हाताबाहेर गेली आणि रक्त आंबट झालं की ती शिरांमध्ये शिरते आणि वाटेतलं मांस मारत जाते. नाकातून सायनसमध्ये, तिथून डोळ्याच्या खोबणीत, तिथून मेंदूत. लघवीत कीटोन निघाले होते, म्हणजे रक्त आंबट झालंच होतं. डॉक्टरीणबाईंनी इन्सुलिन सुरू केलं आणि त्याच दिवशी नागपूरला पाठवलं.

नागपूरला अँफोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधाचं सलाइन लागलं. त्या औषधाने किडनीवर ताण येतो, म्हणून रोज रक्त तपासायचे. नाकातलं आणि सायनसमधलं मेलेलं मांस काढलं. उजव्या डोळ्यावर टॉर्च मारला, तर बाहुली हलली नाही आणि त्यांना उजेडही कळला नाही. एमआरआयमध्ये बुरशी डोळ्यामागे पसरलेली दिसली, मेंदूपर्यंत पोचलेली नव्हती. सर्जन म्हणाले, खोबणी पूर्ण रिकामी करावी लागेल, नाहीतर जीव जाईल.

सहीचा कागद हातात धरून भाऊजींनी मला विचारलं, "तू तं सांग. डोळा वाचत नाई?"

"नाई वाचत. तुम्ही वाचाल."

त्यांनी सही केली. त्या माणसाची मान मी तेव्हा पहिल्यांदा खाली गेलेली पाहिली आणि मला त्याचं जराही समाधान वाटलं नाही.

ते वाचले. कित्येक आठवड्यांनी सुट्टी मिळाली, तेव्हा एक तरुण डॉक्टर त्यांच्या खाटेशी बसून डिस्चार्जचा कागद भरत होता. मी गोळ्यांची पिशवी आवरत होते. ज्यांना मनात तुच्छ मानायचे, त्या भाऊजींसाठी मी त्या दिवसांत काय कमी केलं होतं? धावपळ केली, रात्री जागले. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण कित्येक आठवडे मला टोचत होती. फोनची गोष्ट मी बहिणीलाही सांगितली नव्हती.

डॉक्टरने विचारलं, "काका, काळं आधीपासून येत होतं ना? तेव्हा कोणाला दाखवलं नाही? कोणाला सांगितलं नाही?"

भाऊजींनी उरलेला डोळा माझ्याकडे वळवला. माझे हात पिशवीतच थांबले. त्यांनी पुन्हा डॉक्टरकडे पाहिलं.

"कोनालेच नाई सांगितलं," ते म्हणाले. "माह्यीच चूक."

डॉक्टरने ते लिहून घेतलं. बहीण त्यांना म्हणाली, "निदान हिले तरी सांगायचं होतं. घरात नर्स असून काय फायदा?" मी पिशवीचं तोंड बांधलं आणि गाडी बघायला खाली गेले.