बिनढगाच्या फोनातली आक्का

दिरानं दुबईहून आणलेला माझा फोन दिसायला लई देखणा, पण त्यात गुगलच नव्हतं. चार वर्षं मला त्याचं काही वाटलं नाही. मग बॅटरी फुगली, मी नवा फोन घेतला, आणि कळलं की व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप गुगलवर जातो, जो आपल्याकडं नाहीच. कप्पाळ माझं!

गप्पा गेल्या तर गेल्या म्हटलं असतं. पण त्यात आक्का होती, माझी थोरली बहीण. ऊसतोडीला कर्नाटकात जायची, लिहिता येत नाही, म्हणून सगळं बोलूनच पाठवायची. गेल्या वर्षी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढलं. आता तिचा आवाज फक्त त्या फुगलेल्या फोनात उरला होता.

आष्टीच्या बाजारातला मोबाइलवाला म्हणाला, "ताई, ह्या फोनला क्लाउड न्हाई. क्लाउड म्हंजी ढग."

"ढग तर आख्ख्या आष्टीला न्हाई! आमी जगत न्हाई व्हय?"

तो हसला. म्हणाला, फोन आपल्या पोटातही एक नक्कल ठेवतो. त्यानं सेटिंगमधून ताजी नक्कल करवली आणि व्हॉट्सअ‍ॅपचं आख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं. नवा फोन घरी चार्जिंगला होता. "आधी हे त्याच जागी टाका, मग अ‍ॅप घ्या आन् हाच नंबर द्या," एवढं बजावून त्यानं मला धाडलं.

मी शहाणी! त्या फोल्डरचं इंग्रजी नाव बघून मला वाटलं, हे कोण लक्षात ठेवणार? नीट सापडावं म्हणून नव्या फोनात टाकताना नाव बदलून ठेवलं, "आक्का". नंबर दिला, अ‍ॅप उघडलं, आणि आत कोरं करकरीत.

आक्का तेव्हा माझ्याकडंच होती. काय झालं ते माझ्या तोंडावरून तिला कळलं. तीच आधी चप्पल घालून दारात उभी राहिली. दोघी परत दुकानात.

मोबाइलवाल्यानं फाइली बघितल्या आणि कपाळाला हात लावला. "ताई, नाव कावून बदललं? ते अ‍ॅप त्याच नावानं हुडकतं. आक्का कोण, त्याला काय ठावं?"

त्यानं नव्या फोनातलं अ‍ॅप काढलं, पेनड्राइव्हवरून फोल्डर मूळ नावानं परत टाकलं, अ‍ॅप नव्यानं घेतलं, माझा नंबर घातला. या वेळी फोननं विचारलं, जुन्या गप्पा आणू का? मी म्हटलं, आण बाबा, हात जोडते.

आल्या! मी हाताला लागला तो मेसेज दाबला. भर दुकानात आक्काचा आवाज फुटला: "अगं ए भवाने, फोन उचल की! मेलीस का जिती हायेस?"

सगळे हसले. आक्काही हसली, नुसते खांदे हलले. तिनं माझं मनगट धरून तो मेसेज पुन्हा लावायला लावला. मग पुन्हा. तिसऱ्यांदा तिचे ओठ त्या आवाजाबरोबर हलायला लागले, आणि मला तिथंच रडू फुटलं.