नऊ नोंदींचं एक पान

चंद्रपूरजवळच्या मूल गावातल्या एका कॉलेजात मी ग्रंथालयात काम करते. पुस्तकं देणं-घेणं, नोंदी, उन्हाळ्यात पडताळणी. कॉलेजच्या कार्यालयाचे अधीक्षक माझे थेट साहेब नव्हते, पण माझी रजा, हजेरी, सेवापुस्तक सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. कायद्यानंही लिहिता येत नाही, आणि मलाही लिहायचं नाही.

सुरुवात दिवाळीच्या सुट्ट्यांनंतर झाली. आधी नुसतं बोलणं. साडीबद्दल, केसांबद्दल. मग ते पुस्तकाच्या निमित्तानं कपाटांच्या मधल्या बोळीत यायचे आणि मला निघायला जागा उरणार नाही असे उभे राहायचे. मग फोनवर मेसेज. शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेमुळे वर्गात पोरं नव्हती, कॉलेज रिकामं होतं. त्या आठवड्यात एकदा त्यांनी मागून खांद्यावर हात ठेवला आणि तो काढला नाही. मी "हात काढा" म्हटलं. ते हसले.

हे सगळं मी लिहीत होते. पण कसं? बँकेतून मिळालेल्या डायरीत, जे पान कोरं दिसेल त्यावर. किराण्याच्या यादीच्या मागे. जुन्या पुस्तकांतून काढलेल्या तारीखपट्ट्यांवर. एका पानावर तर एकच शब्द होता, "पुन्हा". ते लिहिताना मला सगळं आठवत होतं, म्हणून पुढचं लिहिलं नाही. चार महिन्यांनी तो शब्द पाहिला तेव्हा काय पुन्हा झालं होतं ते मला सांगता येईना.

मे महिन्यात पडताळणी चालू असताना त्यांनी मला घरी चहाला बोलावलं. मी नाही म्हटल्यावर संध्याकाळी मेसेज आला, "नखरे बंद कर, नोकरी करायची आहे ना?" त्यानंतर मी कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे, म्हणजे बायकांच्या छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीकडे, द्यायची तक्रार लिहायला बसले. नऊ पानं झाली. ती घेऊन मी शेजारच्या बाईंकडे गेले.

बाई तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या. तीस वर्षं लोकांचे अर्ज वाचून त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर कायमचा स्थिरावला होता. रविवार होता. त्या ओसरीवर गव्हातले खडे निवडत होत्या. ताट बाजूला ठेवून त्यांनी नऊच्या नऊ पानं वाचली. मधे एकदा पदरानं डोळे पुसले.

"वाचून मले रडू आलं," त्या म्हणाल्या. "पण बाई, समितीले रडून नाई चालत. कवा झालं, कुठी झालं, ते या नऊ पानात कुठी आहे?"

"आहे ना. सहाव्या पानावर जत्रेचं आहे."

"सहाव्या पानापर्यंत कोण येऊन राह्यलं? एक पान कर. तक्रार तुझी तू लिही, तिले हे पान जोड. वरून खाली तारखेनं."

मला राग आला. माझ्या सहा महिन्यांचं एक पान? पण मी घरी जाऊन डायरी, चिठ्ठ्या, तारीखपट्ट्या आणि फोन घेऊन आले. बाईंनी रेघांचा ताव घेतला आणि पट्टीनं उभ्या रेषा मारल्या. घटनेची तारीख. जागा. काय बोलले किंवा काय केलं. जवळ कोण होतं. पुरावा काय.

पहिल्याच नोंदीला आम्ही अडलो. मी जानेवारीतल्या एका मंगळवारची तारीख सांगितली, कारण डायरीच्या पानावर ती छापलेली होती. बाईंनी पान उजेडात धरलं.

"हे त्याच दिवशी लिहिलं काय?"

मी आठवू लागले. त्या दिवशी ते काउंटरवर वाकून बोलत होते आणि शेवटच्या वर्षाची एक मुलगी पुस्तक परत करायला आल्यावर मागे सरले होते. पण मंगळवारी तर पुस्तकं परत घेणं बंद असतं. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातलं देवघेव रजिस्टर उघडलं. त्या मुलीची परतीची नोंद आदल्या शुक्रवारी होती, माझ्याच अक्षरात. म्हणजे घटना शुक्रवारची. मी चार दिवसांनी, मिळेल त्या कोऱ्या पानावर लिहिलं होतं.

संध्याकाळी बाईंकडे येऊन मी घाबरून म्हटलं, "मग डायरीत तारीख दुरुस्त करू?"

"हात लावू नको तिले!" बाई एवढ्या जोरात बोलल्या की मी दचकले. "डायरी जशी आहे तशीच राहू दे. खाडाखोड केली का सगळंच खोटं वाटते. तक्त्यात लिही, घटना शुक्रवारची, टिपण नंतर मंगळवारच्या पानावर केलं. आन् ते रजिस्टर घरी आणू नको. पान क्रमांक लिहून ठेव, समिती मागवून घेईन."

असे तीन रविवार गेले. एकेक चिठ्ठी घेऊन त्या विचारायच्या आणि मी उत्तर शोधायची. मेसेजच्या तारखा फोनमध्ये होत्याच, त्यांचे स्क्रीनशॉट काढले, मूळ मेसेज तसेच ठेवले. "मला मेल्याहून मेल्यासारखं झालं" हे बाईंनी तक्त्यातून काढायला लावलं. ते तक्रारीत जाईल, म्हणाल्या. तक्त्यात फक्त "खांद्यावर हात ठेवला, मी काढा म्हटलं, काढला नाही." हे वाक्य मी लिहिलं तेव्हा त्यातली सगळी आग गेल्यासारखी वाटली. मग पुन्हा वाचलं. आग गेली नव्हती. ती आता वाचणाऱ्यापर्यंत जात होती.

माझ्याआधी ग्रंथालयात असलेली एक बाई अधीक्षकांमुळेच नोकरी सोडून गेली असं ऐकलं होतं. तेही मला लिहायचं होतं.

"तिनं तुले सांगितलं?"

"नाही. लोक बोलतात."

"मग नाई. तिचं तिले सांगू दे, तिले वाटलं तर."

"पुन्हा" एवढंच लिहिलेलं पानही गेलं. ते सोडताना मला फार वाईट वाटलं, कारण त्या दिवशी काहीतरी झालं होतं हे मला पक्कं माहीत होतं. एका नोंदीपुढे मी लिहिलं, "अंदाजे फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, आठवणीवरून, लेखी टिपण नाही." शेवटी नऊ नोंदी उरल्या.

मग माझ्या पिशवीतली दुसरी फाईल उघडून बाईंनी विचारलं, "अन् हे मेमो कायचे?"

मला त्या काळात अधीक्षकांच्या सहीचे तीन मेमो मिळाले होते. काउंटरवर हजर नसणे, उशिरा येणे, अहवाल वेळेत न देणे. ते मी वेगळ्या फायलीत ठेवले होते, कारण ते माझ्या चुकांचे कागद होते, असं मला वाटायचं. मी कामात कमी पडते आहे, मन लागत नाही म्हणून होत असेल, असं मी स्वतःला समजावत होते. बाईंनी तिन्ही मेमोंच्या तारखा पेन्सिलीनं तक्त्यात जागच्या जागी टाकल्या. प्रत्येक मेमो माझ्या एकेका नकारानंतर आठवड्याच्या आत आलेला होता.

मी ते पान किती वेळ बघत राहिले सांगता येत नाही. घडलेलं सगळं मला माहीत होतं. पण एकाखाली एक कधी पाहिलं नव्हतं.

दुसरी एक भीतीही त्या पानानं घालवली. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करावी लागते, हे मी ऐकलं होतं, आणि जत्रेच्या आठवड्याला तीन महिने उलटून गेले होते. चंद्रपूरच्या एका वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, एकामागून एक घडत आलेलं असेल तर मुदत शेवटच्या घटनेपासून मोजतात. शेवटची ओळ मेमधल्या मेसेजची होती. आम्ही मुदतीत होतो.

साक्षीदार म्हणून मी ग्रंथालयातल्या परिचर भाऊंना विचारलं. ते पन्नाशीचे, अबोल. बराच वेळ त्यांनी पुस्तकांवरची धूळ झटकली.

"सायेबानं तुमाले चहाले बोलावलं ते म्या ऐकलं," ते म्हणाले. "बाकी मले ठाऊक नाई. जेवढं ऐकलं तेवढं सांगीन."

"तेवढंच सांगा, भाऊ."

तक्रार द्यायची तर कॉलेजचं आवक टेबल अधीक्षकांच्याच हाताखाली. म्हणून मी तक्रार, ते पान आणि कागदांच्या झेरॉक्स, असे सहा संच घेऊन थेट अंतर्गत समितीच्या अध्यक्ष प्राध्यापिकांकडे गेले. माझ्या प्रतीवर त्यांची तारखेसह सही घेतली. त्यांनी आधी पानच वाचलं. मग मान वर करून म्हणाल्या, "बसा." चौकशी संपेपर्यंत माझी हजेरी आणि रजा अधीक्षकांकडे जाऊ नये, असं मी लेखी मागितलं होतं. समितीनं ते कॉलेजकडून मंजूर करून घेतलं.

चौकशीत अधीक्षक शांत होते. त्यांनी एक दाखला आणला होता. जानेवारीतल्या त्या मंगळवारी ते विद्यापीठाच्या कामासाठी दिवसभर गडचिरोलीला होते. "डायरीत माझ्याविरुद्ध त्या दिवशीचं लिहिलंय. मी गावातच नव्हतो," ते म्हणाले. दाखला खरा होता.

समितीवरच्या बाहेरच्या सदस्य बाईंनी माझं पान पुढे ओढलं. "यांनी घटना शुक्रवारची लिहिली आहे. टिपण मंगळवारच्या पानावर केलं असंही लिहिलंय. शुक्रवारी तुम्ही कुठे होता?"

अधीक्षकांनी दाखल्याची घडी घातली. त्यांनी डायरीची झेरॉक्स वाचली होती, पान नीट वाचलं नव्हतं. देवघेव रजिस्टर मागवलं गेलं आणि शुक्रवारची नोंद सगळ्यांनी पाहिली.

अहवाल नव्वद दिवसांच्या आत आला. आठ नोंदी मान्य झाल्या. फेब्रुवारीची अंदाजे लिहिलेली नोंद सिद्ध झाली नाही असं त्यात होतं. ती खरी आहे. पण सिद्ध झाली नाही हेही खरंच. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेनं त्यांची वेतनवाढ रोखली आणि दुसऱ्या गावातल्या शाळेत बदली केली. मेमो रद्द झाले. कॉलेजातले काही लोक माझ्याशी बोलायचे थांबले, काहींनी नव्यानं सुरू केलं.

धानकापणीच्या दिवसांत मी चार दिवस माहेरी गेले. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. दुपारी आम्ही शेतातून आल्यावर ती पाय पसरून बसली होती, तेव्हा मी सांगायला लागले. दिवाळीनंतरपासून, एकेक करत, काही मागंपुढं न करता. मेपर्यंत आले तेव्हा सावली अंगणाच्या पार टोकाला गेली होती.

"एवढे दिवस काऊन नाई सांगतलं वं?" तिनं विचारलं.

"मलाच नीट कळत नव्हतं, आई. कुठून सुरू करू तेच कळत नव्हतं."

माझ्या केसांत अडकलेलं धानाचं तूस तिनं काढलं आणि हात तसाच डोक्यावर ठेवला. मी तो ठेवू दिला.