आरशातली टिपरी

मला नाच येत नाही. शिरूरला आले तेव्हा येत नव्हता, आजही येत नाही. तरी गेली काही वर्षं माझं पोट नाचावर चालतं, कारण ताई नाचतात आणि मी त्यांचे व्हिडिओ काढते.

माझं गाव गडचिरोलीकडं. आठवीनंतर शाळा सुटली. पुढची शाळा लांब होती आणि लांब पाठवायचं ते भावाला, असं घरात ठरलं. चुलतबहिणीच्या ओळखीनं इकडच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागले. ते काम सुटलं तेव्हा ज्यांच्या क्लासच्या माडीवर भाड्यानं राहत होते त्या ताई म्हणाल्या, "मोबाईल बरा चालवतीस की. माझे व्हिडिओ काढशील?" मी आमच्याकडच्या सवयीनं "हो जी" म्हणाले. ताईंच्या सासूबाई, आम्ही त्यांना आईच म्हणतो, लगेच हसल्या. "जी कुणाला म्हणतीस गं? आम्ही काय मालक हाय व्हय तुझे?" तेव्हापासून घरात माझं नावच 'जी' पडलं.

त्या एका विचारण्यासाठी मी ताईंची आजन्म ऋणी आहे, आणि ते काम कधी काढून घेतलं जाईल याची धास्तीही मला रोज असते. दोन्ही एकाच पोटात राहतात.

ताईंचा एक वर्ग शिरूरला आणि दुसरा दौंडला, एका कॉलनीच्या समाजमंदिरात. दौंडच्या बहुतेक बायका घरकाम आटोपून येणाऱ्या, दोघीतिघी कुरकुंभच्या कारखान्यांत शिफ्टमध्ये काम करणाऱ्या. दर आठवड्याला एसटीनं जाऊन ताईंनी तो वर्ग उभा केला होता. यंदा नवरात्रात तिथल्या मंडपात त्यांचा टिपऱ्यांचा नाच होता. आणि नेमकं तेव्हाच ताईंना सातवा महिना लागला. डॉक्टरांनी प्रवासाला साफ मनाई केली.

दौंडच्या बायकांच्या पुढारी एक काकू. कुरकुंभला पॅकिंगमध्ये आहेत, म्हणून मला त्या आपल्याच वाटतात. त्यांनी फोनवर सरळ सांगितलं, "ताई, तुमचं सुखरूप होऊ द्या. पण बायका म्हणत्यात, कॉलनीतच एक सर येतो म्हणतोय शिकवायला. समोर माणूस असलं म्हंजी बरं असतं ना. व्हिडिओनं जमलं तर तुम्हीच. न्हाई जमलं तर मग बघावं लागंल."

ताईंनी फोन ठेवला आणि बराच वेळ टिपऱ्यांच्या दोऱ्या उगीच गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "चल जी. असा व्हिडिओ काढू, की त्यांना वाटलं पाहिजे मी समोरच हाय."

ट्युटोरियल काढायचं म्हणजे नुसता नाच काढणं नव्हे. समोरचा माणूस उजवा हात उचलतो तो आपल्याला आपल्या डावीकडं दिसतो, आणि शिकणारीचा घोळ होतो. म्हणून सगळं चित्र उलटं करायचं, आरशासारखं. ताईंनी उजवा उचलला की बघणारीला तो तिच्या उजवीकडंच दिसतो. ती डोकं न लावता सोबत करत जाते. फक्त अक्षरं आधी लिहिली तर तीही उलटतात, म्हणून ती शेवटी टाकायची. भिंतीवरचं क्लासचं बॅनर मी काढून ठेवलं. माझ्या डोक्यात नियम पक्का: ताईंनी कॅमेऱ्यासमोर खराच उजवा वापरायचा, उलटं करायचं काम माझं.

आधी पूर्ण नाच गाण्यावर घेतला. गिरकीचा तुकडा मी जास्त फ्रेमनं, सेकंदाला दुप्पट चित्रं घेऊन काढला, म्हणजे वेग निम्मा केला तरी तो अडखळत दिसत नाही. पण वेग कमी केला की ढोलकी म्हशीसारखी हंबरते. आई म्हणाल्या, "आगं बंद कर, गोठ्यात बसल्यावानी वाटतंय." म्हणून तिथला आवाज काढून ताईंची मोजणी वेगळी भरली.

राहिला शिकवण्याचा भाग. त्यात ताईंनीच सावकाश करायचं, मोजत: एक, दोन, तीन आन् चार. तो 'आन्' महत्त्वाचा, कारण टिपरी फिरते ती तिथंच. पण ताईंची मोजणीच येईना. तीनदा अडल्या.

"कुणाला शिकवू गं? त्या काचेला? डोळ्यासमोर कुणी नसलं की तोंडातून आकडाच निघत न्हाई माझ्या."

मग मीच सुचवलं, की शिरूरच्या वर्गातल्या पोरींना कॅमेऱ्याच्या मागं उभं करू. पोरी आल्या, आईही कंबर खोचून टिपऱ्या घेऊन उभ्या राहिल्या. आणि ताई खुलल्याच. "उजवा हात बाहेर, एक. जोडीदाराच्या टिपरीला, दोन. आई, तुमचं कोपर!" मी कॅमेऱ्यामागून बघत होते आणि मला भरून येत होतं. एका दमात सगळा भाग झाला. सगळं जोडलं, सगळं उलटं केलं, दौंडच्या ग्रुपवर टाकलं.

चार दिवसांनी काकूंचा फोन. "ताई, तुमचा व्हिडिओ हाय का भांडण लावायचं यंत्र? दोघींची बोटं सुजलीत. उद्या सांजच्याला ठरवायचंय आम्हाला, सराला हो म्हणायचं का न्हाई."

ताईंनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, पण मला तेवढं पुरलं. "तू जा," म्हणाल्या. "माझे डोळे होऊन बघून ये."

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली, न्हावरा, चौफुला, तिथं गाडी बदलून दौंड. वाटभर उसाच्या शेतांकडं बघत मी मनातल्या मनात कपडे भरत होते: कोणती पिशवी, गावाकडं कोणती गाडी. उलटं मीच केलं होतं. चूक झाली असेल तर माझ्याशिवाय कुणाची?

समाजमंदिरात बायका जमल्या होत्या. काकूंनी मला चहा दिला आणि म्हणाल्या, "बघ आता तमाशा." मोबाईल खुर्चीवर ठेवला, स्पीकर लावला, दोन रांगा समोरासमोर. ताईंचा आवाज आला, "उजवा हात, एक." आणि एका जोडीच्या टिपऱ्या टक्क जुळल्या, शेजारच्या जोडीत एकीनं उजवी पुढं केली आणि दुसरीनं डावी. टिपरी बोटांवर.

"अयाई गं! डोळं फुटलं का तुझं?"

"माझं? व्हिडिओत बघ की, डावीकडचीच उचलतीय!"

"ती उजवा म्हणतीय ना? कान कुठं ठेवले घरी?"

मजा म्हणजे ज्यांच्या टिपऱ्या जुळत होत्या त्यांच्यातही एक जोडी दोघी डाव्या हातानं खेळत होती, आणि त्यांना आपलंच बरोबर वाटत होतं. गिरकीची वेळ आली तेव्हा अर्ध्या इकडं आणि अर्ध्या तिकडं वळल्या, नि दोघी एकमेकींच्या कपाळावर आदळल्या.

काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "मी सांगू? ती बोलती एक आन् करती एक. ज्या कानानं नाचत्यात त्या उजव्या, ज्या डोळ्यानं नाचत्यात त्या डाव्या. पण पयला भाग, गाण्याचा, त्यात असं न्हाई व्हत."

पहिल्या भागात नाही. मग उलटं करण्यात चूक कशी असेल? उलटं तर मी दोन्ही भागांना सारखंच केलं होतं. मी कोपऱ्यात बसून माझ्या मोबाईलमधलं मूळ चित्रण काढलं, न उलटवलेलं. ताई घड्याळ डाव्या मनगटावर घालतात. गाण्याच्या भागात उजव्याला रिकामं मनगट वर येत होतं. शिकवण्याच्या भागात ताई म्हणत होत्या "उजवा" आणि वर जात होतं ते घड्याळ.

मला क्षणभर समजलंच नाही. मग पोरी आठवल्या, कंबर खोचलेल्या आई आठवल्या. इतकी वर्षं ताई वर्गासमोर तोंड करून शिकवतात तेव्हा तोंडानं उजवा म्हणतात आणि स्वतः डावा उचलतात, म्हणजे पोरींना आरशासारखं दिसावं. काच समोर होती तोवर त्यांनी मी सांगितलेलं लक्षात ठेवलं. माणसं समोर आली आणि अंगानं आपली सवय धरली. त्यांनी एकदा उलटं केलं, वर मी पुन्हा केलं.

"सापडलं," मी काकूंना म्हणाले. घड्याळ कुठल्या हातात आहे ते त्यांना दाखवलं.

तेवढा भाग मी तिथंच बसून सुलटा केला. प्रत्येक आकड्याखाली मोठ्या पिवळ्या अक्षरांत 'उजवा', 'डावा' टाकलं, म्हणजे कान, डोळे आणि अक्षर तिन्ही एक बोलतील. काकूंनी खांद्यावरून पाहिलं. "घड्याळ उडी मारून इकडच्या हातात आलं की गं!"

"हो काकू, ते तेवढं सोसा."

"सोसतो. नवऱ्याचं सोसतोय तर घड्याळाचं काय."

मग ताईंना फोन लावला. चूक तुमची म्हणायचं तरी कसं? सगळं सांगून टाकलं. ताई हळूच म्हणाल्या, "म्हंजी मीच घोळ घातला?"

"नाही जी ताई. कॅमेरा विसरून तुम्ही खरोखर शिकवत होतात. म्हणून झालं."

पलीकडून आईंचंच हसू आधी आलं. "माझ्यामुळं बघ! माझं कोपर बघून वळली ती!" मग ताईही हसल्या, आणि मी मनातली पिशवी रिकामी केली. "व्हिडिओ कॉल लाव," त्या म्हणाल्या. "मला खिडकीत ठेव, सगळ्या दिसू देत."

मोबाईल गजांना टेकवून ठेवला. दुसऱ्यावर नवा तुकडा लावला. एक, दोन, तीन आन् चार. पहिल्या फेरीत डाव्या हाताची ती पक्की जोडी चुकली आणि सगळ्यांनी त्यांना चिडवून घेतलं. दुसऱ्या फेरीत टिपऱ्यांचा आवाज एक झाला. सबंध हॉलमध्ये एकच टक्क. खिडकीतल्या ताईंचं चित्र गोठलं होतं, नेटवर्क कमी झालं होतं. पण आवाज येत होता. त्या आमच्याबरोबर मोजत होत्या, जरा मागून, दम लागल्यासारख्या.

थांबल्यावर कुणी सराचा विषय काढीना. शेवटी काकूच पदरानं घाम पुसत मोबाईलजवळ गेल्या. "ताई, ऐकू येतंय का? सराला मी सांगते, जागा न्हाई म्हणून. पण गिरकीनंतरचं ते बसून उठायचं आम्हाला अजून झेपत न्हाई. ते जरा आणखी हळू करून पाठवा."

"मला वाकता येत न्हाई हो आता," ताईंचा आवाज आला.

"मग आईंना करायला लावा!"

परतीच्या गाडीत मला खिडकीची जागा मिळाली. पिशवी मांडीवर घेऊन मी तोच तुकडा आणखी हळू करत बसले. शेजारची बाई वाकून बघत होती. थोड्या वेळानं तिच्या बोटांनी पुढच्या सीटच्या दांडीवर मोजायला सुरुवात केली, उजव्याच हातानं.