घासाघीस न करता झालेली सही

अतिराऊ शहरातल्या एका हॉटेलात कंपन्यांशी खोल्यांचे दर ठरवायचं काम रौशन बारा वर्षं करत होती. तेलकंपनीचा सेरगाझी दरवर्षी करार करताना न्याहारीसुद्धा फुकट मागून तिचं डोकं खायचा. यंदा तिने मुद्दाम दर चढवून सांगितला, तर या बाबाने कागद ओढून थेट सहीच ठोकली!

रौशन हादरली. "सेरगाझी, तब्येत बरी आहे ना? भांड की रे मेल्या!"

"कशाला भांडू, आपा? करारात दर बांधलाय. माणसं किती पाठवायची, ते कुठे बांधलंय?" त्याने चहाचा वाडगा खाली ठेवला. "तेलविहिरींजवळ माणसांना राहायला आमचीच वसाहत तयार झालीय. चुकून कोणी शहरात अडकलंच, तर हा कागद असू दे."

बारा वर्षांत पहिल्यांदाच तिला मनासारखा दर मिळाला होता.